पाणी वर आलं की माती जड होते, मग जमीन कमजोर कशी होते?

रवळू_मांद्रे

नमस्कार मंडळी. मी साईट सुपरवायझर आहे. डिग्री नाही, आयटीआय करून १४ वर्षं बांधकामात काढली. मांद्र्यात किनाऱ्यापासून थोडं आत एका मालकाचं घर उभं राहतंय, तळमजला आणि वर दोन. जागा पूर्ण रेताड. मे महिन्यात बोअर मारले तेव्हा पाणी ४ मीटरवर लागलं. फुटिंग दीड मीटर खोल, दीड मीटर रुंद, चौकोनी.

अहवाल आला. त्यात म्हटलंय की पाणी खोल असताना जमिनीवर चौरस मीटरला १८ टन टाकता येतील, पण पावसाळ्यात पाणी १ मीटरपर्यंत चढेल असं धरून ९ टनच घ्या. म्हणजे सरळ अर्धं! फुटिंग मोठी होणार, सळई वाढणार. मालकाला वाटतं की कन्सल्टंटने स्वतःची कातडी वाचवायला आकडा कापलाय.

मी अहवाल दोनदा वाचला. कारण म्हणून एकच ओळ आहे, ‘इफेक्टिव्ह स्ट्रेस कमी होतो’. माझ्या डोक्यात बसत नाही ते असं: पाणी वर आलं की वाळू भिजून जड होते. वरची वाळू जड झाली तर खालची आणखी दाबली जायला हवी. दाबली गेली तर घट्ट व्हायला हवी. मग कमजोर कशी?

माडाचा_झाप

सोपं आहे हो. पाणी म्हणजे वंगण. कोरडे कण एकमेकांना घासून धरून ठेवतात, पाणी शिरलं की बुळबुळीत होतात आणि सरकतात. शेणाने सारवलेल्या अंगणात पावसात चालून बघा. कन्सल्टंट बरोबर आहे, ९ टन घ्या आणि मोकळे व्हा.

दोन_पैसे

आमच्याकडे डिचोलीला पावसात भिंतीला कमरेपर्यंत ओल चढते, दर वर्षी रंग पोपडे होऊन पडतो. हा पाणी वर येण्याचाच प्रकार ना? कुठलं केमिकल मारावं?

जांभा_चिरा

रवळू, तुमचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. तुमच्या तर्कात एकच गोष्ट सुटली आहे. ‘वाळू जड होते’ हे खरं, पण वाढलेलं ते वजन आणि त्याहून बरंच जास्त वजन पाणी स्वतः उचलून धरतं. कणांच्या वाट्याला राहतं ते कमी.

विहिरीतून कळशी ओढताना काय होतं ते आठवा. कळशी काठोकाठ भरलेली असते, पण पाण्यात बुडालेली असेपर्यंत दोर हलका लागतो. पाण्याबाहेर आली की हाताला ओढ बसते. कळशीचं वजन बदललं नाही, ते कोण पेलतंय ते बदललं. वाळूचा प्रत्येक कण पाण्यात बुडाला की त्या कळशीसारखा हलका होतो आणि खालच्या कणावर कमी रेलतो.

आता तुमच्याच साईटचे आकडे मांडू. फुटिंगच्या तळाखाली दीड मीटर, म्हणजे जमिनीपासून ३ मीटर खोल एक जागा धरा. घराचा भार सध्या विसरा, फक्त मातीचं बघू. दमट वाळू घनमीटरला साधारण १.७ टन, पाण्याने पूर्ण भरलेली २ टन, आणि पाणी १ टन.

मे महिना. पाणी ४ मीटरवर, म्हणजे आपल्या जागेच्याही खाली. वर ३ मीटर दमट वाळू, ३ × १.७ = ५.१ टन. कणांमधल्या पाण्याचा दाब शून्य. पूर्ण ५.१ टन कण एकमेकांवर पेलतात.

ऑगस्ट. पाणी १ मीटरवर. वर १ मीटर दमट वाळू १.७ टन आणि २ मीटर भरलेली वाळू ४ टन, एकूण ५.७. तुम्ही म्हणता तसं वजन वाढलं, ०.६ टनाने. पण त्या जागी आता २ मीटर पाण्याची उंची आहे, म्हणजे पाण्याचा दाब २ टन. कणांच्या वाट्याला ५.७ वजा २, म्हणजे ३.७ टन. कणांच्या वाट्याचा हा भार म्हणजेच अहवालातला ‘इफेक्टिव्ह स्ट्रेस’. खाली तो σ', एकूण भार σ आणि पाण्याचा दाब u.

```
σ' = σ − u
मे     : 5.1 − 0.0 = 5.1
ऑगस्ट : 5.7 − 2.0 = 3.7
```

एकूण भार ०.६ ने वाढला, पाण्याचा दाब २ ने वाढला, कणांमधली पकड १.४ ने घटली. पाण्याच्या दाबात भार पेलण्याची ताकद आहे, सरकण्याला विरोध करण्याची नाही, कारण पाण्याला आकार धरून ठेवता येत नाही. विरोध करतात ते कण, आणि तोही जितके एकमेकांवर दाबलेले असतील तितकाच. कार्ल तेर्झाघीने १९२० च्या दशकात हे मांडलं. नंतरचं मातीचं जवळजवळ सगळं गणित या एका वजाबाकीवर उभं आहे.

माडाचा_झाप

म्हणजे माझंच म्हणणं झालं की. पकड कमी झाली. वंगण!

जांभा_चिरा

निष्कर्ष तोच, कारण वेगळं. वाळूत पाणी वंगण नसतं. घरी करून बघा: कोरडी बारीक रेती परातीत ओतून ढीग करा, उतार बघा. मग काचेच्या भांड्यात पाणी भरून त्यात तीच रेती हळू सोडा. पाण्याखालच्या ढिगाचा उतार जवळजवळ तेवढाच मिळेल. कण बुळबुळीत झाले असते तर ढीग पसरला असता. कणाकणातलं घर्षण तेवढंच राहतं, फक्त त्यांना एकमेकांवर दाबणारा जोर घटतो.

हा फरक शब्दांचा नाही. वंगण मानलं तर वाळू ओली झाली की संपलं, पाणी १ मीटरवर असो की ३ मीटरवर. प्रत्यक्षात पाणी किती उंच आहे त्यावर सगळं ठरतं. सारवलेल्या अंगणाची गोष्ट चिकणमातीची आहे, तिथे वेगळी भानगड असते.

रवळू_मांद्रे

साहेब, कळशीने डोक्यात लख्ख उजेड पडला. धन्यवाद.

जांभा_चिरा

साहेब नव्हे हो, बाई. २९ वर्षं हेच काम केलं, आता फोंड्याला घरी असते. ताई म्हणा.

खाजनकार

ताई, माझा एक प्रश्न. आमची शेती खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांधाआडच्या सखल जमिनीत. पावसात कधी बांध फुटला की शेतावर माणूसभर पाणी उभं राहतं, दोन दोन मीटर. आता तुमच्या हिशेबाने पाणी जितकं वर तितकी माती ढिली. मग दोन मीटर पाण्याखाली तर जमिनीचा चिखल होऊन आमचा मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दारही गाडलं जायला हवं. तसं तर होत नाही. पाणी उतरल्यावर शेत जसं होतं तसंच असतं.

थर्ड_इयर

याचं उत्तर मी देऊ? पाणी जमिनीच्या वर गेलं की पुढे फरक पडत नाही. त्याच ३ मीटर खोलीवर: पाणी बरोबर जमिनीला टेकलं तर एकूण ६, पाण्याचा दाब ३, उरले ३. वर आणखी २ मीटर पाणी साचलं तर एकूण ८, पाण्याचा दाब ५, उरले परत ३! दोन्हीकडे सारखीच भर पडते, म्हणून वजाबाकी तीच राहते. अरबी समुद्राच्या तळाचा गाळ वर एवढं पाणी असूनही मऊच राहतो, तो याचमुळे.

फक्त एक दुरुस्ती, ताईंनी पाणी १ टन धरलंय, आमच्याकडे ९.८१ किलोन्यूटन घ्यावं लागतं.

जांभा_चिरा

उत्तर उत्तम. ९.८१ परीक्षेत घ्या, पण ती दुरुस्ती नव्हे. १ टन वजन म्हणजे तेवढेच किलोन्यूटन, फक्त एकक वेगळं.

खाजनकार, एक जोडते. साचलेलं पाणी स्थिर असेल तरच हा हिशेब चालतो. भरतीला बांधाबाहेर पाणी उंच आणि आत शेतात कमी असतं, तेव्हा पाणी बांधाखालून वाट काढत आतल्या पायथ्याशी वर येतं. वर चढणारं पाणी कणांना उचलतं, आणि त्या जागी पाण्याचा दाब साध्या उंचीच्या हिशेबापेक्षा जास्त होतो. वजाबाकी शून्यावर आली की वाळू उकळल्यासारखी दिसते, पाय घातला तर सरळ आत जातो. बांधाच्या आतल्या कडेला असे छोटे बुडबुडणारे झरे दिसले आणि पाण्यासोबत बारीक रेती बाहेर पडत असेल तर तिथे माती टाकून तोंड बंद करू नका. रेतीची पोती गोल रचून पाणी आतच थोडं चढू द्या, म्हणजे उसळी मंदावते. मग माणसं बोलवा.

खाजनकार

असे झरे आमच्या बांधाला बघितलेत. आमचे वडील त्याला ‘बांध रडटा’ म्हणायचे. पोती गोल रचायचं मात्र आजच कळलं, आम्ही चिखल थापायचो आणि दुसऱ्या दिवशी बाजूला नवीन झरा.

दोन_पैसे

भिंतीच्या ओलीचं कोणी सांगितलंच नाही. असो. पण हे वाचून गेल्या वर्षीची गोष्ट आठवली. आमची सेप्टिक टाकी जूनमध्ये बांधून झाली, ३ मीटर बाय २ मीटर, उंची २ मीटर, १५ सेंटिमीटरचं काँक्रीट. वरचा स्लॅब टाकायचा राहिला कारण पाऊस सुरू झाला. एका सकाळी बघतो तर टाकी एका बाजूने वीतभर वर! शेजारी म्हणाले नागाची जागा आहे, पूजा घाला. पूजा घातली. टाकी तशीच वाकडी आहे.

जांभा_चिरा

नागाचा दोष नाही. बाहेर खड्ड्यात पाणी किती चढलं होतं?

दोन_पैसे

टाकीच्या तळापासून मोजलं तर पावणेदोन, दोन मीटर असेल. वरचा वीतभर भागच काय तो कोरडा होता.

जांभा_चिरा

१.८ धरू. टाकीने ३ × २ × १.८ म्हणजे १०.८ घनमीटर पाणी बाजूला सारलं, तेवढे टन ती वर ढकलली गेली. तळ आणि चार भिंती मिळून काँक्रीट साडेतीन घनमीटर, २.५ ने गुणलं तर जेमतेम ९ टन. आत रिकामी, वर स्लॅब नाही, बाजूने भराव दाबलेला नाही. होडी उचलली जाणारच. स्लॅब असता तर आणखी दोन टन मिळाले असते आणि कदाचित काठावर वाचली असती. खड्डा भरेपर्यंत टाकीत नळाचं पाणी भरून ठेवलं असतं तर काहीच झालं नसतं, फुकटात.

रवळू_मांद्रे

हे मी लिहून ठेवलं. आमच्या साईटवरही संपची टाकी आहे.

ताई, एक अडतंय. तुमच्या हिशेबात ५.१ चे ३.७ झाले, म्हणजे पाव भागाहून थोडी जास्त घट. अहवालात मात्र सरळ अर्धं केलंय. मालकाला हे सांगितलं तर तो म्हणेल, बघ, जास्त कापलंय.

जांभा_चिरा

चांगला पकडलात. इथे दोन वेगळे हिशेब आहेत.

पहिला, जमीन फाटून फुटिंग कलंडेल का. आयएस ६४०३ मध्ये फुटिंगखालच्या मातीच्या वजनाचा जो भाग असतो त्याला पाणी तळापर्यंत किंवा वर आलं तर ०.५ ने गुणतात. पाणी तळाखाली फुटिंगच्या रुंदीएवढं खोल असेल तर काही कापत नाहीत. तुमचं मे महिन्याचं पाणी तळाखाली अडीच मीटर आणि रुंदी दीड, म्हणून तेव्हा कपात शून्य. पण हे ०.५ फक्त त्या एका भागाला लागतं. फुटिंगच्या बाजूची जी दीड मीटर माती तळाला दाबून धरते तिचा भाग एवढा घटत नाही. त्यामुळे सगळं धरून पूर्ण अर्धं होत नाही.

दुसरा हिशेब, फुटिंग किती बसेल, म्हणजे किती खचेल. वाळूत बहुतेक वेळा हाच निर्णायक ठरतो. कण सैल रेलले की वाळू मऊ लागते, तोच भार टाकला तरी जास्त बसते. आयएस ८००९ मध्ये पाणी तळाशी असेल तर ०.५ चा गुणक सगळ्यालाच लागतो. अहवालातला तक्ता बघा, १८ च्या ओळीत काय लिहिलंय?

रवळू_मांद्रे

‘अनुज्ञेय खचणं २५ मिमी’ असं लिहिलंय.

जांभा_चिरा

मग उलगडलं. आकडा खचण्यावरून आलाय, म्हणून बरोबर अर्धा.

थर्ड_इयर

पण ताई, आमच्या सरांनी सांगितलं होतं की मेयरहॉफच्या मते ही कपात दोनदा होते. बोअरमध्ये हातोडा मारून ठोके मोजतात तेव्हा पाणी असेल तर ठोके आधीच कमी येतात. मग परत अर्धं कशाला?

जांभा_चिरा

खरं आहे, या मुद्द्यावर दोन मतं आहेत आणि मी स्वतः काही कामांत मेयरहॉफच्या बाजूने गेले आहे. पण ती हरकत केव्हा लागू? ठोके पाण्याखालच्या वाळूत मोजले तेव्हा. इथे बोअर मे महिन्यात मारले, पाणी ४ मीटरवर. फुटिंगखालच्या ज्या दीड दोन मीटरवर आपला डोळा आहे तिथली वाळू तेव्हा पाण्याच्या वर होती. ठोके मे महिन्याचे आहेत, घर ऑगस्टमध्येही उभं राहणार आहे. म्हणून माझं मत कन्सल्टंटच्या बाजूने. ऑगस्टमध्ये बोअर मारले असते तर मी त्यांच्याशी भांडले असते.

माडाचा_झाप

एक मिनिट. पाणी चढलं की कणांवरचा दाब कमी होतो, बरोबर? दाब कमी झाला तर स्प्रिंगसारखी वाळू उलट फुगायला हवी. मग घर वर जायला हवं, खाली का बसतं? आमच्या भावाचं घर वाळपईला भरावावर आहे. पहिल्याच पावसात ओटा चार बोटं खाली गेला, घराचा भार एक किलोही न वाढता. हा तुमचा सिद्धांत इथे उलटा पडतो.

जांभा_चिरा

या धाग्यातला सर्वांत अवघड प्रश्न तुम्ही विचारलात.

मोकळ्या जमिनीत, जी आधीच घट्ट आहे, तिथे पाणी चढल्यावर खरंच किंचित फुगते. इतकी कमी की कोणाला कळत नाही. भावाच्या घराखालचा भराव सैल टाकलेला असणार. दमट मातीत कणांच्या सांध्यात पाण्याचे बारीक थेंब असतात आणि ते कणांना आत ओढून धरतात. मिरामारला पोरं वाळूचे किल्ले करतात ते याच ओढीवर. कोरड्या रेतीचा किल्ला होत नाही, लाट आली की ओल्याचाही राहत नाही. पाण्याचा दाब इथे उणे असतो. वजाबाकीत उणे वजा केलं की कणांची पकड उलट वाढते. म्हणून मी मे महिन्यात पाण्याचा दाब शून्य धरला ते थोडं ढोबळच होतं, प्रत्यक्षात तो किंचित उण्यात असेल. दोन_पैसे, तुमच्या भिंतीत ओल वर चढते तीही याच ओढीने. केमिकलचं मात्र मला कळत नाही.

पाऊस मुरला की ती ओढ जाते आणि सैल रचलेले कण कोसळून पोकळ्यांत बसतात. नुसत्या वजाबाकीने बघितलं तर पकड कमी, म्हणजे फुगायला हवं. प्रत्यक्षात कोसळते. जेनिंग्ज आणि बर्लंड यांनी १९६२ मध्ये हेच दाखवलं, की अर्धवट भिजलेल्या सैल मातीत ही साधी वजाबाकी पुरी पडत नाही. पूर्ण भरलेल्या मातीत ती भक्कम आहे, अर्धवट ओल्या भरावात तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

माडाचा_झाप

म्हणजे मी अर्धा बरोबर?

जांभा_चिरा

प्रश्न पूर्ण बरोबर. वंगण अजूनही चूक.

रवळू_मांद्रे

मालकाशी बोललो. तो म्हणतो पाणी १ मीटरवर येतं हे कन्सल्टंटने टेबलावर बसून ठरवलं, पुरावा काय? शेजारच्या जुन्या घराची विहीर साईटपासून वीस पावलांवर आहे. आज जाऊन मोजलं, कठड्यापासून पाणी १.९ मीटर. म्हणजे १ मीटर खोटंच झालं ना? पाऊस तर सुरू होऊन महिना झाला.

खाजनकार

बांयचा कठडा किती उंच आहे रे?

रवळू_मांद्रे

अरे देवा. कठडा ८० सेंटिमीटर. म्हणजे जमिनीपासून १.१ मीटर.

जांभा_चिरा

आणि ऑगस्ट अजून यायचा आहे. दर आठवड्याला मोजत राहा, जमिनीपासून, सकाळी, त्या घरचा पंप सुरू व्हायच्या आधी. किनाऱ्याजवळ आहात तर भरतीला आणि ओहोटीलाही एकेकदा मोजून बघा, थोडा फरक दिसू शकतो. पाणी सर्वांत वर आलं तेव्हाचा आकडा धरायचा.

रवळू_मांद्रे

बरं. मालक आता विचारतोय की फुटिंग मोठी करण्याऐवजी चारही बाजूंनी चर खणून पाणी खालीच ठेवलं तर १८ टन घेता येतील का.

थर्ड_इयर

पंप बंद पडला तर?

खाजनकार

आणि त्या चराचं पाणी सोडणार कुठे, शेजाऱ्याच्या शेतात?

जांभा_चिरा

आणि शेजारच्या त्या जुन्या घराखालचं पाणी उतरवलं की तिथली वजाबाकी उलटी फिरते, कणांवरचा भार वाढतो. ते घर कशावर उभं आहे, खाली कुठे चिकणमातीचा थर आहे का, हे बघितल्याशिवाय मी चराला हो म्हणणार नाही. बोअरचा खालचा भाग इथे टाका, ३ मीटरच्या पुढचा.

दोन_पैसे

टाकीत आता पाणी भरलं तर ती खाली बसेल का, की वाकडीच राहील?

जांभा_चिरा

उचलली तेव्हा खाली रेती सरकून शिरली असणार. भरलीत तरी जागेवर येण्याची शक्यता कमी, आणि जोडलेला पाईप तुटलेला असेल तो आधी बघा.